पार्कफील्डची सहा सालं आणि त्यातून निघणारे प्रश्न

«बीएस्सीच्या सेमिनारला आमच्या गटाकडे 'प्लेट टेक्टॉनिक्स आणि भूकंपाचं भाकीत' हा विषय आलाय. शेवटी वर्गाला विचारायचे प्रश्न आम्हीच काढायचेत. 'भूकंप म्हणजे काय' छापाचे नकोत. नक्की माहीत काय आणि अंदाज काय, हे वेगळं करणारे कसे काढायचे?»

सगळा विषय कवेत घेऊ नका. एक चुकलेलं भाकीत घ्या आणि त्याचे टाके उसवा. माझ्या माहितीत यासाठी पार्कफील्डइतकं चांगलं उदाहरण नाही. कॅलिफोर्नियातलं हे जेमतेम वस्तीचं गाव सॅन अँड्रियास फॉल्टवर बसलेलं आहे. तिथे पॅसिफिक आणि उत्तर अमेरिकन प्लेट एकमेकींना घासत बाजूने सरकतात.

फळ्यावर सहा सालं लिहा: १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४, १९६६. या साली पार्कफील्डजवळ साधारण ६ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला, असं मानलं जातं. मग विचारा: 'यातल्या किती भूकंपांचे सिस्मोग्राम शेजारी ठेवून ताडून पाहता येतात?' वर्ग बहुतेक सहा म्हणेल. उत्तर तीन आहे. १९२२, १९३४ आणि १९६६ या तिन्हींचे आलेख नेदरलँड्समधल्या डे बिल्ट इथल्या केंद्रावर मिळाले आणि ते एकमेकांशी इतके जुळतात की 'तोच भूकंप पुन्हा पुन्हा होतो' ही कल्पना मुख्यतः त्यांच्यावर उभी राहिली. १८८१ आणि १९०१ या नोंदींचा आधार म्हणजे कुठल्या गावात किती हादरलं, याची माणसांनी केलेली वर्णनं. १८५७ चं तर आणखी वेगळं आहे. त्या सकाळी दक्षिणेकडे ७.९ च्या आसपासचा प्रचंड भूकंप झाला. त्याआधी काही तास जे धक्के जाणवले त्यांच्यावरून पार्कफील्डची नोंद काढलेली आहे. एकाच ओळीतल्या सहा आकड्यांमध्ये विश्वासाच्या तीन पायऱ्या आहेत, आणि स्लाइडवर त्या सगळ्या एकाच फाँटमध्ये दिसतात.

आता सालांमधली अंतरं काढायला लावा. २४, २०, २१, १२, ३२. सरासरी २१.८, म्हणजे जवळपास २२. १९६६ मध्ये २२ मिळवले की १९८८. याच धर्तीच्या हिशोबावर १९८५ साली अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी सांगितलं की पुढचा भूकंप १९९३ च्या आत येण्याची शक्यता ९५ टक्के आहे. भूकंप आला २८ सप्टेंबर २००४ ला.

इथे घाई करू नका, इथलेच प्रश्न सगळ्यात चांगले आहेत. १२ आणि ३२ इतकी वेगळी अंतरं असताना १९८८ भोवती ±५ वर्षांचा अरुंद पट्टा कसा निघाला? तर १९३४ चा भूकंप 'दहा वर्षं लवकर आला' असं धरलं गेलं. तो १९४४ ला यायला हवा होता. तसं मानलं की १९६६ वेळेवर येतो आणि सगळे बिंदू सरळ रेषेत बसतात. तेव्हा विचारा: 'लवकर आला हे मोजलं की ठरवलं?'

गणिताची आवड असेल तर पुढे जा. पाचही अंतरं जशी आहेत तशी घेतली तर प्रमाण विचलन ७ वर्षांच्या थोडं वर येतं. दोन्हीकडे दुप्पट धरलं तर पट्टा १९७४ ते २००२. तरीही २००४ बाहेरच. पण पाचच आकडे असताना 'दुप्पट' पुरत नाही, टी-तक्ता वापरावा लागतो. मग ९५ टक्क्यांचा पट्टा साधारण १९६६ ते २०१० निघतो. २००४ आत आलं, पण पट्टा मागच्या भूकंपाच्या दिवसापासूनच सुरू होतोय! 'बरोबर आलेलं पण निरुपयोगी भाकीत' यावर वर्गात चांगली दहा मिनिटं जातात. (मी स्वतः नव्वदीच्या सुरुवातीला मुलांना १९८८ चं गणित फळ्यावर मोठ्या तोऱ्यात करून दाखवलं होतं. १९३४ बद्दल कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.)

यानंतर प्लेटकडे वळा, कारण तुमच्या विषयात ती आहेच. फॉल्टच्या दोन बाजू तिथे वर्षाला साधारण साडेतीन सेंटिमीटरने सरकतात. हे जमिनीवरच्या खुणा आणि उपग्रहांच्या आधारे मोजलेलं आहे, त्यात वाद नाही. पण '२२ वर्षांत पाऊण मीटर साचतं आणि मग फॉल्ट तुटतो' या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मोजलेला नाही, धरलेला आहे. २००४ पर्यंत ३८ वर्षं झाली होती, म्हणजे त्या हिशोबाने सव्वा मीटरच्या वर. भूकंप मात्र ६.०, आधीच्यांइतकाच. प्रश्न असा: 'उरलेलं कुठे गेलं?' काही भाग भूकंपाविना हळूहळू सरकत जातो, काही भूकंपानंतर महिनोन् महिने सरकतो, आणि काही अजून अडकलेला असू शकतो. कशाचा वाटा किती, हे सांगताना अंदाज सुरू होतो. वर्गातलं कुणी छातीठोकपणे एकच उत्तर दिलं तर 'हे कशाने मोजलं?' एवढंच विचारा.

भाकीत पूर्ण फसलं असंही सांगू नका. जागा बरोबर आली, आकारही बरोबर आला. चुकली ती वेळ. आणखी एक गोष्ट चुकली: १९३४ आणि १९६६ ला तडा वायव्येकडून आग्नेयेकडे पसरला होता, २००४ ला उलट दिशेने. 'तोच भूकंप पुन्हा' हे गृहीतक तिथेही ढिलं पडतं.

शेवटचा प्रश्न पूर्वधक्क्यांचा ठेवा. १९३४ आणि १९६६ ला मुख्य भूकंपाच्या बरोबर १७ मिनिटं आधी ५.१ चा धक्का बसला होता. म्हणून यंत्रं लावून सगळे वाट पाहत होते. ऑक्टोबर १९९२ मध्ये ४.७ चा धक्का बसला, ७२ तासांसाठी इशारा दिला गेला, शक्यता सांगितली होती ३७ टक्के. काही झालं नाही. २००४ ला तसा कुठलाच धक्का आधी बसला नाही.

आता त्याच १९९२ सालात किल्लारीला या. त्या परिसरात तेव्हा लहान धक्के बसत होते, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ६.२ चा भूकंप झाला. पालघर-डहाणूत नोव्हेंबर २०१८ पासून हजारो लहान धक्के नोंदले गेले आणि तसा मोठा भूकंप झाला नाही. मुलांना तिन्ही ठिकाणांची फक्त मुख्य भूकंपाआधीची माहिती द्या, पुढचं झाकून ठेवा आणि विचारा: 'यातला पूर्वधक्का कोणता?' उत्तरं कागदावर लिहून घ्या, मगच पुढची स्लाइड लावा. किल्लारीसाठी एक जोडप्रश्नही आहे: जवळची प्लेटसीमा हजार किलोमीटरहून लांब असताना प्लेट टेक्टॉनिक्स तिथलं किती समजावून सांगतं? भारतीय प्लेट उत्तरेला आशियात घुसते आणि त्यामुळे आतवर दाब येतो, इथपर्यंत पाया पक्का आहे. पण तो दाब नेमका किल्लारीखालीच का मोकळा झाला, यावर तुमचा गट जे म्हणेल त्याच्या आधी 'असं मानतात' हे दोन शब्द लावावे लागतात का, ते आधी आपसात ठरवून घ्या.