पॉइंटच्या उजवीकडचे शून्य

बायनरी संख्या ऑक्टल किंवा हेक्समध्ये बदलायला गट पाडताना सुरुवात नेहमी बायनरी पॉइंटपासून कर, डावीकडेही आणि उजवीकडेही. 1011101.1011 घे. ऑक्टलसाठी तीन-तीनचे गट: 001 011 101 . 101 100, म्हणजे 135.54. बहुतेकांची गाडी शेवटच्या गटात अडते. तिथे एकटा 1 उरतो, त्याच्या उजवीकडे दोन शून्यं लावायची. डावीकडे लावलीस तर उत्तर 135.51 येतं आणि दिसायला अगदी बरोबर वाटतं. हेक्समध्ये पॉइंटच्या उजवीकडे चारचा गट नेमका बसतो, डावीकडे मात्र सुरुवातीला एक शून्य लावावं लागतं: 0101 1101 . 1011, म्हणजे 5D.B.

आता दोन्ही उत्तरं दशमानात ताडून बघ. 5×16+13 = 93, तसंच 64+24+5 = 93. अपूर्णांकात 11/16 = 0.6875 आणि 5/8+4/64 सुद्धा तेवढंच. चुकीच्या .51 चे मात्र 0.640625 होतात. पूर्णांक जुळला म्हणून तिथेच थांबू नकोस.