चुकांचा तक्ता: ‘कारण’ हा रकाना भरायचा कसा?

प्रश्न: कंबाइन पूर्वची टेस्ट सिरीज लावली आहे. प्रत्येक पेपरनंतर चुकांचा तक्ता भरते: प्रश्न, चुकीचा प्रकार, कारण, उपाय. वही भरत आली, पण मार्क ४५ च्या पुढे सरकत नाहीत आणि त्याच चुका पुन्हा होतात. तक्त्यात काय चुकतंय?

उत्तर: तुमच्या वहीतला फक्त ‘कारण’ हा रकाना वरपासून खालपर्यंत वाचा. ‘घाई’, ‘विसरले’, ‘नीट वाचलं नाही’ हेच तीन-चार शब्द फिरून फिरून आले असतील, तर दोष तिथे आहे. हे कारण नाही, चूकच पुन्हा लिहिली आहे. मग उपायही ‘नीट वाचणे’ एवढाच उरतो, आणि तो केला की नाही हे कुणालाच सांगता येत नाही.

मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत संध्याकाळी पोरांचे पेपर बघायला बसतो. तिथे आम्ही कारण आठवून लिहीत नाही, तपासून लिहितो. उत्तरतालिका बघितल्यावर ‘अरे, हे तर येत होतं’ असं प्रत्येक प्रश्नाला वाटतं, म्हणून आठवणीवर भरवसा नको.

पेपर सोडवतानाच प्रश्न क्रमांकाशेजारी खूण करायची. खात्री असेल तर काही नाही, दोन पर्यायांत अडकलात तर ‘२’, निव्वळ अंदाज असेल तर ‘अं’. पेपर संपला की तालिका स्वतः उघडायची नाही. शेजारच्या मैत्रिणीला तपासायला द्या. तिने फक्त प्रश्न क्रमांकांची यादी द्यायची: सगळे चुकलेले, आणि त्यांत मिसळलेले दहा-बारा बरोबर आलेले. नुसते चुकलेलेच दिले, तर आधीचा पर्याय चूक आहे हे आधीच कळतं आणि तपासणी फुकट जाते. आता दुसऱ्या दिवशी ते प्रश्न घड्याळ न लावता पुन्हा सोडवा, आणि प्रत्येकापुढे ‘हेच उत्तर का’ ते एका ओळीत लिहा.

यावेळी उत्तर बरोबर आलं आणि का तेही लिहिता आलं, तर माहिती होती, चूक हाताळण्यात झाली. तोच चुकीचा पर्याय पुन्हा आला, तर डोक्यात चुकीचं पक्कं बसलंय. आणखी तिसराच पर्याय आला किंवा कारणच लिहिता आलं नाही, तर तो भाग मुळात येत नाही. चुकीचे प्रकार एवढे तीनच ठेवा. दहा-बारा प्रकार पाडणाऱ्यांच्या वह्या दिसायला सुंदर असतात, पण त्या पुन्हा कुणी उघडत नाही.

एका पोराचा पेपर सांगतो. १०० पैकी ९२ सोडवले, ५४ बरोबर, ३८ चूक. प्रत्येक चुकीला पाव गुण वजा, म्हणजे साडेनऊ गेले आणि हातात ४४.५ राहिले. त्याच्या जुन्या तक्त्याप्रमाणे निदान होतं ‘अंदाज फार मारतो’. पुन्हा सोडवल्यावर ३८ ची वाटणी अशी झाली: १५ हाताळणीच्या, ९ चुकीचं पक्कं असल्याच्या, १४ न येणाऱ्या.

या १४ शेजारी ‘अं’ होतं. पण बरोबर आलेल्या ५४ मध्येही चार ‘अं’ निघाले! म्हणजे १८ अंदाजांत चार लागले: चार गुण मिळाले, साडेतीन गेले. अंदाज सोडून दिले असते तर अर्धा गुण उलट कमीच झाला असता. चार पर्याय आणि पाव गुण वजा असताना आंधळा अंदाज सरासरीने जवळपास बरोबरीत सुटतो. म्हणून नुसत्या चुका नोंदवू नका, नशिबाने लागलेले प्रश्नही तक्त्यात आलेच पाहिजेत. ते ‘येणाऱ्या’त धरून बसलात तर पुढच्या पेपरला तोंडघशी पडाल.

खरे गुण त्या १५ मध्ये होते. असा प्रत्येक प्रश्न सुधारला की सव्वा गुण परत येतो, म्हणजे एकही नवं पान न वाचता १८.७५. त्यांतले सात गणित-बुद्धिमत्तेचे. पोरगा म्हणत होता गणित कच्चं आहे, पण घड्याळाविना सातही आले. त्याने गणित शेवटी ठेवलं होतं. ६० मिनिटांत १०० प्रश्न म्हणजे एकाला ३६ सेकंद, आणि अखेरच्या आठ-दहा मिनिटांत तेवढेही उरत नव्हते. इथे ‘गणिताचा सराव’ हा उपाय लिहिला असता, तर महिना वाया गेला असता.

उरलेले आठ ‘अयोग्य विधान ओळखा’ जातीचे. गंमत अशी की त्यांतले बरेचसे त्याच्या आवडत्या विषयांचे होते. शाहू महाराजांवरचाच घ्या. पहिलंच विधान १९०२ च्या ५० टक्के आरक्षणाचं. ते खरं आहे हे कोल्हापूरच्या पोराला सांगायला नको. त्याने लगेच तोच पर्याय काळा केला, पुढची विधानं वाचलीच नाहीत. विचारलं होतं अयोग्य कोणतं! म्हणजे कारण ‘नीट वाचलं नाही’ हे नव्हतं. ओळखीचं दिसलं की त्याचं वाचन थांबतं, हे होतं.

आता ‘चुकीचं पक्कं’ या गटातली एक ओळ. राष्ट्रीय आणीबाणीला संसदेची मंजुरी किती काळात लागते? त्याचं उत्तर दोन्ही वेळा दोन महिने, तेही खात्रीने. बरोबर उत्तर एक महिना. दोन महिने कलम ३५६ चे, राष्ट्रपती राजवटीचे. धडे वेगवेगळ्या दिवशी वाचले, शेजारी ठेवून कधीच नाहीत. धडा पुन्हा वाचून हे सुटत नाही, कारण वाचताना दोन्ही ओळखीचेच वाटतात.

या तीन ओळी त्याच्या वहीत अशा गेल्या:

| प्रश्न | प्रकार | कारण | उपाय |
|---|---|---|---|
| कलम ३५२, मंजुरीची मुदत | चुकीचं पक्कं | ३५६ च्या मुदतीशी गल्लत | ३५२: १ महिना, विशेष बहुमत. ३५६: २ महिने, साधं बहुमत. ३६०: २ महिने, साधं बहुमत. न बघता लिहिणे: तिसऱ्या व दहाव्या दिवशी |
| शाहू महाराज, अयोग्य विधान | हाताळणी | ओळखीचं विधान दिसताच वाचन थांबलं | प्रत्येक विधानापुढे ‘ब’ किंवा ‘चू’ लिहिल्याशिवाय पर्याय बघायचे नाहीत |
| गणिताचे सात प्रश्न | हाताळणी | शेवटी ठेवले, वेळ उरला नाही | पुढच्या पेपरला गणित मध्ये घेणे, ४० सेकंदांत वाट न दिसल्यास सोडून पुढे |

उपाय असा हवा की पुढच्या पेपरनंतर ‘केला’ किंवा ‘नाही केला’ असं एका शब्दात लिहिता यावं. दुसऱ्या ओळीचा पुरावा तर प्रश्नपत्रिकेवरच सापडतो: ‘ब’ आणि ‘चू’ लिहिलेत की नाही.

३८ च्या ३८ ओळी मात्र लिहू नका, दमून जाल. न येणाऱ्या १४ ची नुसती प्रकरणवार यादी पुरे, तो अभ्यासाच्या वेळापत्रकाचा विषय आहे. तक्ता बाकीच्यांसाठी ठेवा, आणि एकाच कारणाचे प्रश्न एकाच ओळीत घ्या. वरच्या गणितासारखे सात प्रश्न मिळून एक ओळ झाली तरी चालेल. एखाद्या ओळीचा उपाय दोन पेपरांत खरोखर केला असेल आणि तरी तीच चूक आली, तर उपाय आणखी कडक करत बसू नका. तिथे कारणच चुकीचं लिहिलं गेलंय. ती ओळ खोडा, प्रश्न पुन्हा मैत्रिणीच्या यादीत घाला आणि नव्याने तपासा.