जर्मनीतल्या वॉशिंग मशीनवर E20 आलंय, दार उघडत नाही

प्रश्न: मी लातूरची, लेकाकडे जर्मनीला आलेय. तो ऑफिसला गेलाय. मशीन मधेच थांबली, आत पाणी आणि कपडे तसेच, दार उघडत नाही. फोटो टाकलाय. स्क्रीनवर E20 आहे. काय दाबू?

उत्तर:

ताई, आत्ता काहीच दाबू नका, दार तर ओढूच नका. पॅनलवर कुलपाचं चिन्ह दिसतंय, म्हणजे पाणी आत असेपर्यंत मशीनच दार उघडू देणार नाही. एईजी आणि इलेक्ट्रोलक्सच्या मशीनवर E20 म्हणजे पाणी बाहेर जात नाहीये. तोच बिघाड बॉशवर E18 आणि एलजीवर OE असा दिसतो, म्हणून आधी मशीनवरचं नाव पाहून घ्या.

कोड नसता तर गोष्ट वेगळी होती. टबमध्ये लाटेची रेघ असलेलं चिन्ह, म्हणजे Spülstopp, चुकून लागलं की मशीन मुद्दामच पाणी धरून थांबते. तुमच्याकडे कोड आलाय, तेव्हा अडथळाच शोधायचा.

मशीन बंद करून प्लग काढा. धुणं 60 अंशांवर लावलं असेल तर पाणी निवू द्या, नाहीतर हात भाजेल. मागची सांडपाण्याची नळी भिंतीशी दबून वाकली नाही ना, तेवढं बघा. बऱ्याच वेळा सगळं एवढ्यावरच सुटतं.

नळी सरळ असेल तर खाली कोपऱ्यातली छोटी झडप उघडा. आत गोल फिल्टर आहे. खाली पसरट ताट आणि जुना टॉवेल ठेवा. परात तिथं शिरत नाही. फिल्टर डावीकडं थोडासाच फिरवा. पाणी येऊ लागलं की ताट भरेपर्यंत थांबा, परत आवळा, ओतून या, पुन्हा सैल करा. पाच-सात खेपा होतील. एकदम काढलात तर सगळं पाणी फरशीवर! पाणी संपल्यावरच फिल्टर पूर्ण काढा. बहुधा साडीची पिन, नाणं नाहीतर सुताचा गोळा निघेल. आतलं पंख्यासारखं चाक बोटानं फिरवा. ते अडखळत फिरतं, तसंच असतं. फिल्टर घट्ट बसवा, सैल राहिला तर तिथून गळतं.

आता प्लग लावून गोल खटका Abpumpen वर आणा. चिन्ह म्हणाल तर टब आणि खाली जाणारा बाण. मग Start. याला पाणी उपसणं म्हणतात. Schleudern म्हणजे पिळणं, त्याचं चिन्ह गोल भोवऱ्यासारखं असतं. पाणी गेल्यावर एक-दोन मिनिटांत कुलूप 'खट्' करून सुटेल.

पंप घुमतोय पण पाणी हलत नाही, तर पुढची नळी तुंबलीय. पंपाचा आवाजच नाही, तर पंप किंवा वायर गेलीय. तिथं कारागीरच लागेल.

आणि तुमच्या फोटोत खटका Pflegeleicht वर दिसतोय. तो सिंथेटिक कपड्यांचा आहे, त्यात ड्रम अर्धाच भरा. सुती चादरी-टॉवेल Baumwolle वर लावा.