‘प्रश्नावली वैध व विश्वसनीय आहे’ : खोडायचा शब्द कोणता?

प्रश्न : एम.एड.च्या लघुप्रबंधात मी लिहिलं, ‘विद्यार्थी-सहभाग मोजणारी ही प्रश्नावली वैध व विश्वसनीय आहे. तिचा अल्फा ०.७७ आहे.’ मॅडमनी ‘वैध’ खोडून ‘सप्रमाण’ केलं. बरोबर काय? शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या, मुलं आठवी-नववीची, प्रश्न ३०.

उत्तर : दोन्ही चालतात. शिक्षणशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ‘सप्रमाणता’ रुळलेला आहे, ‘वैधता’ही सर्रास दिसतो. मॅडम म्हणतात तो ठेवा आणि शेवटपर्यंत तोच वापरा. माझ्या मते त्या वाक्यात खोडायला हवा तो ‘आहे’.

आपल्याकडे वैधता म्हटलं की जात वैधता प्रमाणपत्र आठवतं. एकदा पडताळणी झाली की कागद हातात आला, मग तो कुठेही दाखवा. प्रश्नावलीला असा कागद मिळत नाही. सप्रमाणता असते ती गुणांवरून काढलेल्या अर्थाची, आणि विश्वसनीयता असते ती ठरावीक मुलांकडून ठरावीक वेळी मिळालेल्या गुणांची. पुण्याच्या एखाद्या शाळेत नीट चाललेली प्रश्नावली दारव्ह्याकडच्या खेड्यातही तोच अर्थ देईल, हे गृहीत धरता येत नाही. म्हणून ‘प्रश्नावली विश्वसनीय आहे’ ऐवजी ‘या विद्यार्थ्यांच्या गुणांची विश्वसनीयता इतकी आढळली’ असं लिहावं. ‘आढळली’ म्हटलं की कोणात आढळली, केव्हा, हे आपोआप सांगावं लागतं.

तुमच्याच विषयातलं एक विधान घेऊ. सहभागाच्या प्रश्नावलीत ‘मी शाळा बुडवत नाही’ अशा धाटणीचं विधान हमखास असतं. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, दिवाळीच्या आसपास सुरू होऊन पुढे कितीतरी दिवस चालणारी कापूस वेचणी. या काळात घरचे नेतात म्हणून मुलगी शेतात जाते. आल्यावर मैत्रिणीची वही घेऊन राहिलेलं उतरवून काढते, शाळेत असते त्या दिवशी सगळ्यांत आधी हात वर करते. या विधानावर तिला सगळ्यांत कमी गुण. बाजूचा मुलगा रोज हजर, कारण घरी शेती नाही, पण तासभर खिडकीबाहेर बघत बसतो. त्याला पूर्ण गुण. म्हणजे विधान मोजतंय घरातली मजुरीची गरज, आणि आपण त्याला सहभाग म्हणतोय. हा सप्रमाणतेचा दोष आहे आणि अल्फा, म्हणजे विधानांची उत्तरं आपसात किती जुळतात ते सांगणारा आकडा, कितीही आला तरी हा दोष त्यातून दिसणार नाही. ‘पाच तज्ज्ञांना दाखवून आशय-सप्रमाणता निश्चित केली’ या वाक्यानेही तो झाकला जातो, जर त्या पाचांतला एकही खेड्यातल्या वर्गावर शिकवणारा नसेल.

सापडतो कसा? दोन वाटा आहेत. पहिली, सात-आठ मुलांना एकेकटं बसवून विधान मोठ्यानं वाचायला लावा आणि ‘हे वाचून तुला काय वाटलं, उत्तर कसं ठरवलं?’ एवढंच विचारा. वेचणीचा विषय मुलंच काढतील. दुसरी, प्रत्येक विधानाचा उरलेल्या विधानांच्या बेरजेशी असलेला सहसंबंध काढा. हे विधान तिथे अगदी सैल निघण्याची शक्यता मोठी. मात्र उणे आकडा आला तर आधी उलट विधानाचे गुण फिरवायचे राहिलेत का ते बघा. बहुधा तेच असतं. सैल निघालं म्हणून विधान नुसतं काढून टाकू नका, नाहीतर वर्तनाची एक बाजूच मोजायची राहते. बदला : ‘शाळेत असेन त्या दिवशी वर्गात दिलेलं काम मी पूर्ण करते.’

इथे मराठीची एक अडचण येते. वर्तनाची विधानं ‘मी’ने सुरू होतात आणि क्रियापद लिंग मागतं. ‘करतो/करते’ अशा तिरप्या रेघा प्रत्येक ओळीत आल्या की वाचताना अडखळणारी मुलं आणखी अडखळतात. भावनेची विधानं ‘मला आवडतं’ म्हणून सुटतात. मी मुलींची आणि मुलांची प्रत वेगळी छापायचं सुचवेन, खर्च तेवढाच. तसंच ‘असहमत’ हा शब्द आठवीच्या मुलाच्या तोंडचा नव्हे. ‘मला वर्गात कंटाळा येत नाही’ यावर ‘असहमत’ म्हणजे नेमकं काय, हे मोठ्यांनाही क्षणभर थांबून ठरवावं लागतं. ‘नेहमी, बरेचदा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही’ हे पर्याय द्या आणि नकारार्थी विधानं टाळा.

आता ०.७७. क्रॉनबॅक यांनी १९५१ साली मांडलेला हा अल्फा विधानांच्या संख्येबरोबर वाढतो. विधानांचा आपसातला सहसंबंध सरासरी अवघा ०.१ धरा, म्हणजे जवळजवळ अनोळखीच. सगळ्या विधानांचं प्रसरण सारखं मानलं तर ३० विधानांसाठी वर ३० × ०.१ = ३, खाली १ + २९ × ०.१ = ३.९, भागाकार ०.७७. तुमचाच आकडा! तशीच १० विधानं घेतली तर ०.५३. तेव्हा एकट्या ०.७७ वरून विधानं एकच गोष्ट मोजतात असं म्हणता येत नाही. त्यातून सहभाग हा एकसंध नाही. फ्रेड्रिक्स, ब्लूमेनफेल्ड आणि पॅरिस यांच्या २००४च्या आढाव्यापासून त्याची वर्तन, भावना आणि विचार अशी तीन अंगं मानायची पद्धत आहे. अल्फाही अंगवार द्यावा.

पुनर्चाचणी घेणार असाल तर दोन्ही वेळा ऑगस्टमध्येच, पंधरा दिवसांच्या अंतराने घ्या. एक दिवाळीआधी आणि एक नंतर घेतली तर दोहोंमध्ये मुलांचं आयुष्यच बदललेलं असतं, आणि कमी आलेला सहसंबंध साधनाचा दोष की हंगामाचा, ते सांगता येत नाही.

परिच्छेद साधारण असा व्हावा. आकडे नमुन्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला :

‘विद्यार्थी-सहभाग म्हणजे अध्ययनातील वर्तन, भावना व विचार यांचा सहभाग, असे येथे मानले आहे. प्रत्येक अंगासाठी १० विधाने घेतली. आशय-सप्रमाणतेसाठी पाच तज्ज्ञांनी विधाने तपासली; त्यांपैकी तीन ग्रामीण शाळांतील शिक्षक होते. आठ विद्यार्थ्यांच्या मुलाखतींनंतर हजेरीविषयीची दोन विधाने बदलली, कारण शेतीच्या हंगामातील गैरहजेरी हे सहभागाच्या अभावाचे लक्षण ठरत नव्हते. ऑगस्ट महिन्यात आठवी-नववीच्या २१० विद्यार्थ्यांच्या गुणांचा अल्फा वर्तनासाठी ०.७१, भावनेसाठी ०.७९ व विचारासाठी ०.७४ आढळला. त्यांतील ६० विद्यार्थ्यांच्या पंधरा दिवसांनंतरच्या पुनर्चाचणीत एकूण गुणांचा सहसंबंध ०.७६ आढळला. वर्तनाच्या गुणांचा शिक्षकांच्या गृहपाठ-नोंदींशी सहसंबंध ०.४१ होता. हे गुण गटांच्या तुलनेसाठी वापरले आहेत. एकेका विद्यार्थ्याविषयी निर्णय घेण्यासाठी नाहीत.’

०.४१ बघून कोणी नाक मुरडलं तर घाबरू नका. गृहपाठ पूर्ण होणं घरात दिव्याखाली बसायला किती वेळ मिळतो यावरही ठरतं, त्यामुळे इथे ०.९ आला असता तर मलाच शंका आली असती. आणि कागद वर्गशिक्षकांनी नावासकट गोळा केले असतील तर तेही याच परिच्छेदात लिहा. सर बघणार म्हटल्यावर ‘नेहमी’वर खुणा वाढतात.