कोंडा, खाज आणि स्कॅल्प स्क्रब

प्रश्न: डोक्यात सतत खाज सुटते आणि खांद्यावर पांढरे कण पडतात. हल्ली स्कॅल्प स्क्रब आणि अ‍ॅसिडवाले सीरम बरेच दिसतात. त्यांनी कोंडा जातो का, की उलट त्रास वाढतो?

दाणेदार स्क्रब घेऊ नका. अ‍ॅसिडवाल्यांतलं सॅलिसिलिक अ‍ॅसिड उपयोगी पडतं, पण ते एका मर्यादित कामासाठी आणि तेही एकटं नाही. मी बरीच वर्षं औषधाचं दुकान चालवते. खाजऱ्या डोक्यावर मीठ-साखर चोळून आलेली माणसं काउंटरवर नेहमी दिसतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

आधी खपली कशी तयार होते ते पाहू. आपल्या कातडीच्या पेशी खालच्या थरात जन्मतात आणि वर सरकत सरकत साधारण महिन्याभराने सुट्या होऊन गळतात. त्या इतक्या बारीक असतात की दिसतही नाहीत. कोंड्यात हा प्रवास घाईने होतो. पेशी पुरत्या पिकायच्या आधीच वर येतात, एकमेकींना चिकटलेल्या राहतात आणि त्यांचे पुंजके पडतात. हेच तुमच्या खांद्यावरचे पांढरे कण.

घाई होण्याचं कारण बहुतेकदा मॅलॅसेझिया नावाची यीस्टसारखी बुरशी असते. ती प्रत्येकाच्या डोक्यावर राहते आणि कातडीतून झिरपणाऱ्या तेलावर जगते. ते तेल ती फोडते आणि त्यातून ओलेइक अ‍ॅसिडसारखी स्निग्धाम्लं मागे उरतात. काहींच्या कातडीला ती सोसतात, काहींच्या कातडीला झोंबतात. ज्यांना झोंबतात त्यांची कातडी लालसर होते, खाजते आणि भराभर पेशी बनवू लागते.

आता त्यावर स्क्रब चोळला की काय होतं? वरचे सुटे पुंजके निघतात आणि त्या दिवशी डोकं हलकं, स्वच्छ वाटतं. म्हणूनच लोकांना तो लागू पडल्यासारखा वाटतो. पण दाण्यांनी कातडीचा वरचा राखणदार थरही खरचटतो, आणि हा थर फाटला की भोक बुजवण्यासाठी कातडी आणखी वेगाने पेशी तयार करते. म्हणजे जी घाई थांबवायची होती तिलाच आपण ढकलतो. बुरशी जिथल्या तिथे राहते. दोन-तीन दिवसांत खपल्या परत येतात, माणूस आणखी जोराने चोळतो आणि चक्र सुरू होतं. शिवाय चेहऱ्यावर कुठे आणि किती चोळतोय ते आरशात दिसतं. केसांखाली काहीच दिसत नाही, त्यामुळे हात नेमका खाजऱ्या जागीच जास्त जोर लावतो.

माझ्या भाचीचंच सांगते. ती चोवीस वर्षांची, पुण्यात नोकरी करते. दिवाळीला घरी आली आणि म्हणाली, "मावशी, डोकं बघ ना, कंगवा लावला तरी दुखतंय." केस बाजूला करून पाहिलं तर मागच्या भागात लाल चट्टे, त्यावर ओरखडे आणि दोन ठिकाणी लस येऊन सुकलेली. दीड महिना ती एक दिवसाआड मिठाच्या दाण्यांचा स्क्रब लावत होती. शनिवारी रात्री भरपूर खोबरेल लावून झोपायची, कारण "डोकं कोरडं पडलंय म्हणून खपल्या निघतात" असं मैत्रिणीने सांगितलं होतं.

डोकं कोरडं नव्हतं. खपल्या पिवळट आणि तेलकट होत्या. भुवयांत आणि नाकपुडीच्या कडेलाही तसेच बारीक पापुद्रे होते, कानामागे लाली होती. हे सगळं एकत्र दिसलं की तो सेबोऱ्हिक डर्मटायटिस, म्हणजे कोंड्याचंच जास्त सुजलेलं रूप, असण्याची शक्यता मोठी असते. लस येत होती म्हणून मी तिला आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनीही तेच निदान केलं.

पहिला आठवडा काहीच "उपचार" नाही. स्क्रब बंद, रात्रभराचं तेल बंद. सौम्य शाम्पू, कोमट पाणी आणि नखं न लावता बोटांच्या पेरांनी धुणं, एवढंच. हे महत्त्वाचं आहे, कारण खरचटलेल्या कातडीवर औषधी शाम्पूसुद्धा चरचरतो आणि माणूस "मला हे सोसत नाही" म्हणून चांगलं औषध सोडून देतो. याला अपवाद एकच, सूज उतरवायला डॉक्टरांनी मोजक्या दिवसांसाठी एक स्टिरॉइड लोशन दिलं होतं. ते तेवढेच दिवस लावलं. असं लोशन परत परत मागणारे मला भेटतात, त्यांना मी डॉक्टरांकडे पाठवते, कारण जास्त काळ वापरल्यास कातडी पातळ होते.

जखमा भरल्यावर २ टक्के किटोकोनॅझोलचा शाम्पू सुरू केला, रविवारी आणि बुधवारी. हा बुरशीवर काम करतो, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. लोक लावतात आणि लगेच धुऊन टाकतात, मग म्हणतात फरक नाही. केस ओले करून तो मुळांशी, कातडीवर लावायचा, लांब केसांवर नाही, आणि ५ मिनिटं ठेवून धुवायचा. टोकं कोरडी पडत असतील तर कंडिशनर फक्त टोकांना लावायचा.

सॅलिसिलिक अ‍ॅसिडची जागा इथे येते. तिच्या डोक्याच्या मागच्या भागात एक जाड, घट्ट चिकटलेला पापुद्रा होता. त्याच्याखाली शाम्पू पोचत नव्हता. सॅलिसिलिक अ‍ॅसिड खपलीतल्या पेशींना धरून ठेवणारं बंधन सैल करतं, मग ती पाण्याबरोबर आपोआप निघते, ओरबाडावी लागत नाही. ३ टक्क्यांचं लोशन आम्ही आठवड्यातून एकदा, शाम्पूच्या आधी १० मिनिटं, फक्त त्या चट्ट्यावर लावत होतो. सगळ्या डोक्यावर नाही. तीन वेळांत पापुद्रा गेला आणि लोशनही थांबवलं. ते बुरशी मारत नाही, म्हणून नुसत्या सॅलिसिलिकच्या सीरमने बहुतेकांचा कोंडा परत येतो. ज्यांना अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी ते टाळावं. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांसाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

खाज दुसऱ्या आठवड्यात उतरली. खपल्या मात्र चौथा आठवडा संपेपर्यंत थोड्या थोड्या पडत होत्या. अनेक जण नेमके इथेच कंटाळून सोडतात.

अ‍ॅसिडवालं काही लावून पाहायचंच असेल तर ते सोसतंय की नाही हे असं ओळखा. लावल्यावर मिनिटभर हलकी चुणचुण होऊन धुतल्यावर ती गेली तर चिंता नाही. पण धुऊन तासभर झाला तरी आग होतेय, दुसऱ्या दिवशी कातडी लाल आहे, कंगवा लागला की दुखतंय, किंवा खपल्या पूर्वीपेक्षा बारीक, कोरड्या आणि जास्त पडताहेत, यांतलं काहीही झालं तर थांबा. मधासारखी पिवळी चिकट खपली धरली तर जखमेत जंतू गेले असण्याची शक्यता असते, तेव्हा दवाखाना गाठा. लिंबाचा रस आणि खायचा सोडा यांबद्दलही विचारतात. एक आम्ल, दुसरा अल्कधर्मी, आणि खाजवून ओरखडे पडलेल्या डोक्याला दोन्ही झोंबतात.

तेलाबद्दल आपल्याकडे बोलणं अवघड जातं, कारण आईच्या हातची चंपी त्यात गुंतलेली असते. चंपी सोडा असं मी म्हणत नाही. पण कोंडा जोरात असताना रात्रभर डोक्यात तेल ठेवू नका, कारण बहुतेक खाद्यतेलांतली स्निग्धाम्लं या बुरशीचं खाणं आहे. जाड खपली मऊ करायची असेल तर मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन अर्धा तास लावून मग शाम्पूने धुणं जास्त बरं, ते बुरशीला खाता येत नाही.

स्क्रबचा उपयोग एका बाबतीत मला मान्य आहे. जेल, वॅक्स, ड्राय शाम्पू रोज वापरणाऱ्यांच्या मुळांशी थर साचतो. नखाखाली तो मेणासारखा पांढरट येतो, खाज किंवा लाली नसते, आणि नीट दोनदा शाम्पू केल्यावर तो जातो. तो कोंडाच नव्हे. अशा डोक्यावर पंधरवड्यातून एकदा बारीक दाण्याचा स्क्रब हलक्या हाताने चालेल, पण दोनदा शाम्पू केल्यानेही तेच होतं.

दोन प्रसंगांत मात्र दाणे आणि ब्रश दोन्ही पूर्ण लांब ठेवा. चट्टे जाड, चंदेरी, केसांच्या रेषेबाहेर कपाळावर आलेले असतील, कोपरावर किंवा गुडघ्यावरही तसेच असतील, तर तो सोरायसिस असू शकतो. सोरायसिसमध्ये कातडी जिथे खरचटते तिथे नवा चट्टा उठू शकतो, त्याला कोबनर परिणाम म्हणतात. आणि लहान मुलाच्या डोक्यात गोल चट्टा पडून तिथले केस तुटत असतील तर तो डोक्यातला गजकर्ण असण्याची शक्यता आहे. त्याला पोटातून औषध लागतं, वरून लावून भागत नाही आणि घरात इतरांनाही होतो.

भाचीने आता आठवड्यातून दोनदाचा शाम्पू पंधरा दिवसांतून एकदावर आणलाय. डिसेंबरात खाज पुन्हा सुरू झाली तेव्हा तिने स्वतःच महिनाभर आठवड्यातून दोनदा केला आणि परत कमी केला. हा विकार असा येत-जात राहतो, कायमचा जात नाही. तुमच्या भुवयांत किंवा कानामागेही पापुद्रे सुटतात का, आणि खपली तेलकट आहे की कोरडी, तेवढं लिहा. कोरडी आणि अगदी बारीक असेल, शिवाय नवा हेअर डाय लावल्यापासून सुरू झाली असेल, तर वरचा किटोकोनॅझोलचा मार्ग तुमच्यासाठी नाही. आधी तो डाय बंद करावा लागेल.