पंचमातला गुरू आणि मावशीची पत्रिका

"आई, आजी म्हणते मावशीच्या पंचमात गुरू आहे म्हणून बाळ व्हायला सात वर्षं लागली. पण गुरू तर चांगला असतो ना?"

मनू, पत्रिकेतलं लग्न म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, तिच्यापासून मोजत पाचवं घर आलं ना की तेच पंचम, संततीचं घर, आणि गुरू हा संततीचा कारक, म्हणजे ते सुख देणारा ग्रह, म्हणून लग्न जुळवताना नुसते छत्तीस गुण न बघता दोघांच्याही पत्रिकेत पंचम, त्याचा मालक पंचमेश आणि गुरू बघायचा असतो. दोघांच्या, हे नीट लक्षात ठेव.

मावशीचा जन्म १९८७ च्या श्रावणातला, वेळ लिहिलीय दुपारी चार, त्यामुळे लग्न धनू, पंचमात मेष आणि तिथेच गुरू बसलेला. लग्न ठरताना सोलापुरातले एक गुरुजी दाते पंचांग पुढ्यात ठेवून म्हणाले उत्तम योग, काही काळजी नको. तीन वर्षांनी मूल नाही म्हणून सासूबाईंनी दुसऱ्यांना तीच पत्रिका दाखवली, ते म्हणाले "कारको भावनाशाय", म्हणजे कारक स्वतःच्याच घरात बसला की त्या घराचं फळ कमी करतो, वर पंचमेश मंगळ कर्केत नीचेचा, म्हणजे दुबळा, तोही आठव्यात. दोन्ही नियम शास्त्रातलेच गं, कुठला उचलायचा हे घरातल्या काळजीवर ठरलं.

आणि ती चारची वेळ तरी कुठली पक्की? बाळंतपण घरीच झालं, आजी म्हणते चहाचं आधण ठेवलं होतं, त्यावरून चार. लग्न साधारण दोन तासांनी बदलतं, जन्म पाऊण तास आधीचा धरला तर वृश्चिक लग्न येतं, गुरू सहाव्यात जातो आणि पंचमात मीनेचा राहू येतो. तिसऱ्या गुरुजींनी तसंच धरलं आणि सर्पदोष सांगितला, मग त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी, तीन दिवसांचा विधी, तोही करून आले. गुरुवार तर तिने किती धरले, पिवळं नेसून, हरभऱ्याची डाळ दान करून, उपाशीपोटी ऑफिसला जायची, मला इथे फोनवर ऐकूनच रडू यायचं.

या सगळ्यात काकांची पत्रिका कुणी उघडलीच नाही! ज्या शास्त्राने दोन पत्रिका मागितल्या त्याच्याच नावाने सगळ्यांनी एकीलाच धरलं, आणि दवाखान्यातही तेच, चार वर्षं तपासण्या फक्त मावशीच्या. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी काकांची वीर्यतपासणी केल्याशिवाय पुढचं औषध देणार नाही असं ठणकावलं, शुक्राणूंची संख्या कमी निघाली, वृषणाजवळच्या शिरा फुगलेल्या होत्या, छोटं ऑपरेशन झालं आणि दीड वर्षात तुझा भाऊ आला.

आजीवर चिडू नको, तिने मनापासूनच उपास केलेत. पण पुढच्या रविवारी फोनवर तिला विचार, काकांच्या पंचमात काय आहे गं आजी?