दुसरी शाखा काढावी का?

“कोथरूडमध्ये आमचे पोळी-भाजी केंद्र आठ वर्षे चालू आहे. संध्याकाळी रांग लागते, काही गिऱ्हाइके परत जातात. पिंपळे सौदागरला गाळा मिळतो आहे. तिथे शाखा काढावी, की इथलीच विक्री वाढवावी?”

हे दांपत्य माझ्याकडे आले तेव्हा गाळ्याची अनामत देण्याच्या बेतात होते. मी त्यांना पंधरा दिवस थांबायला सांगितले आणि एक वही ठेवायला लावली. दर अर्ध्या तासाला किती विक्री झाली आणि किती माणसे रिकाम्या हाती परत गेली, एवढेच तीत लिहायचे होते.

वहीतून दिसले की रोजच्या १२,००० रुपयांच्या विक्रीपैकी ८,००० रुपयांची विक्री सात ते साडेआठ या दीड तासातच होत होती, आणि त्याच वेळात सरासरी पंचवीस गिऱ्हाइके परत जात होती. भाजी रोज उरत असे. कमी पडत होत्या त्या पोळ्या, कारण तवे दोनच होते. म्हणजे ती रांग तवा अपुरा असल्याची खूण होती. पिंपळे सौदागरला मागणी आहे, असे तिच्यावरून ठरत नव्हते. परत जाणारी माणसे कोथरूडचीच होती आणि ती पोळीसाठी नदीपलीकडे जाणार नव्हती.

मग आम्ही शाखेचा हिशेब मांडला. भाडे, पगार आणि वीज मिळून महिन्याला १,२०,००० रुपये ठरलेला खर्च येणार होता. कच्चा माल, गॅस आणि पॅकिंग वजा जाता शंभर रुपयांच्या विक्रीतून त्यांच्या हाती पंचेचाळीस रुपये उरतात. त्यामुळे महिन्याचे सव्वीस दिवस धरले, तर नुसता खर्च भागवायलाच तिथे रोज सुमारे १०,२५० रुपयांची विक्री हवी होती, आणि कोथरूडला तेवढा पल्ला गाठायला त्यांना पाच वर्षे लागली होती.

आणखी एक गोष्ट मला तपासायची होती. बाईंनी आठवडाभर दुकानात येऊ नये, असे मी सुचवले. त्या आठवड्यात विक्री ९,५०० रुपयांवर आली आणि भाजी खारट झाल्याच्या तक्रारी आल्या, कारण मसाल्याचे आणि मिठाचे माप कुठेच लिहिलेले नव्हते, ते त्यांच्या हातात होते. माझ्या मते गाळ्याच्या भाड्यापेक्षाही हीच अडचण मोठी होती, कारण दोन ठिकाणी एकाच वेळी त्या उभ्या राहू शकल्या नसत्या.

त्यांनी तिसरा तवा बसवला आणि संध्याकाळपुरती पोळ्या करणारी एक बाई महिना ९,००० रुपयांवर ठेवली. परत जाणाऱ्यांची संख्या सहावर आली, रोजची विक्री सुमारे २,२०० रुपयांनी वाढली आणि त्या बाईंचा पगार जाऊन महिन्याला साधारण १६,७०० रुपये जादा उरू लागले.

शाखेचा विचार मी कायमचा सोडायला सांगितलेला नाही. सध्या बाई मापे लिहून काढत आहेत. त्या नसताना विक्री टिकली, की गाळा न घेता कोथरूडच्याच स्वयंपाकघरातून पिंपळे सौदागरला महिनाभर फक्त आगाऊ मागणीचे डबे पाठवून पाहायचे, असे आमचे ठरले आहे.